एकच प्रयत्न उरला: आईचं सिस्टीम अपडेट, फोनवरून

आई ७३ वर्षांची आहे. तिच्याकडे तीन वर्षांपूर्वीचा अँड्रॉइड फोन आहे आणि त्यातला मेनू इंग्रजीत आहे. तो इंग्रजीत ठेवायचा हट्ट तिचाच. मी एकदा मराठी करून दिला होता, तर म्हणाली, "आता मला काहीच कळत नाही, होतं तसं कर." मी दुसऱ्या गावी राहते आणि माझा फोन वेगळ्या कंपनीचा आहे. हे आधी सांगते, कारण पुढचे निम्मे घोटाळे यातूनच झाले.

एका दुपारी अडीचच्या सुमारास तिचा फोन आला. "अगं, ते पुन्हा आलंय. सॉफ्टवेअर अपडेट. आठ दिवस झाले, मी बाजूला सारते. खरं आहे का गं हे, की कुणीतरी फसवतंय?"

प्रश्न अगदी योग्य होता. "तुमचा फोन जुना झालाय, लगेच अपडेट करा" असं सांगणाऱ्या खोट्या पाट्या ब्राउझरमध्ये उगवतात, कधी मेसेजमधून फाइल येते. समोरची पाटी खरी की खोटी हे तिच्या वर्णनावरून ओळखायचा प्रयत्न मी पूर्वी केला आहे. जमत नाही. खोटी पाटी खरीसारखी दिसावी म्हणूनच बनवलेली असते आणि आई मला रंग सांगते. म्हणून आता पाटीचा विचारच करत नाही. तिला म्हटलं, त्या सूचनेला हात लावू नकोस, आपण आपल्या पायांनी सेटिंग्जमध्ये जाऊ. अपडेट खरं असेल तर ते तिथे दिसेलच. तिथे नसेल, तर पाटी काहीही म्हणो, आपल्याला काही करायचं नाही. आणि खरं अपडेट कधीही बँकेचा तपशील, कार्डाचा नंबर किंवा ओटीपी मागत नाही.

एक गोष्ट मला नेहमी टोचते. "फोनवरचं कुणी सांगेल ते फोनमध्ये करू नकोस" असं आपणच आईवडिलांना शिकवतो आणि मग आपणच फोन करून "आता सेटिंग्ज उघड, आता हे दाब" म्हणतो. ऐकणाऱ्याच्या बाजूने दोन्ही फोन सारखेच वाटतात. आमच्याकडे यावर एकच नियम आहे: असल्या कामाचा फोन आईने मला लावायचा, मी तिला नाही. तिने सेव्ह केलेला नंबर लावला की पलीकडे मीच असते.

ज्या फोनवर बोलतोय तोच दुरुस्त करायचा

आईला सांगितलं, "फोन कानापासून काढ, स्पीकर लाव आणि समोर धर." हे पहिलं वाक्यच अवघड असतं. फोन कानाला असताना चेहरा जवळ आलेला ओळखणारा सेन्सर पडदा काळा करतो, गालाने बटणं दाबली जाऊ नयेत म्हणून. आई फोन कानापासून काढते, तोवर पडदा उजळायला क्षणभर लागतो, तिला काळं दिसतं, ती घाबरून पुन्हा कानाला लावते. पूर्वी आमचे पहिले दोन मिनिटं यातच जायचे. आता मी सांगते, "समोर धर आणि तीनपर्यंत मोज."

दुसरी भीती फोन कट होण्याची. कॉलचा पडदा सोडून बाहेर गेलं की कॉल तुटतो असं तिला वाटतं, म्हणून ती होमचं बटण दाबायला तयार होत नाही. दाबलं तरी मी ऐकू येत राहीन, असं आधी सांगायचं आणि ती दाबत असताना मुद्दाम बोलत राहायचं. आवाज चालू राहिला की तिचा हात सैल होतो. तांबडं बटण सोडून कशालाही हात लावला तरी कॉल तुटत नाही, एवढं तिला पुरतं.

मग सेटिंग्ज. "दातेरी चक्राचं चित्र," मी म्हटलं. ते तिला सापडलं. पुढे मी म्हणाले, "आता खाली जा."

"गेले."

"काय दिसतंय?"

"तेच की. वर वायफाय आहे."

ती बोट खाली ओढत होती. बोट खाली ओढलं की आपण यादीच्या तोंडाकडे जातो आणि तिथेच राहतो. माझ्या मनात खाली जाणार होतं पान, तिच्या मनात बोट, आणि दोघींचंही बरोबर होतं. आता मी "खाली जा" म्हणतच नाही. "बोट तळाला टेकव आणि छताकडे ओढ," असं म्हणते. असे आणखी दोन शब्द मी टाळते. "बंद कर" हा एक, कारण कॉलही बंद होतो, ॲपही आणि फोनही. "दाब" हा दुसरा, कारण तिचा दाब लांबतो आणि फोनला ते दाबून धरणं वाटतं, मग भलताच छोटा मेनू उघडतो. त्याऐवजी "टिचकी मार" म्हणते. टिचकी मारताना बोट आपोआप उचललं जातं.

यादीत मी माझ्या फोनच्या सवयीने `System` शोधायला लावलं. तिच्या फोनमध्ये ते नव्हतंच. ही चूक मी किती वेळा केली असेल देव जाणे. अपडेटची जागा प्रत्येक कंपनी वेगळी ठेवते: कुठे `System` मध्ये `System update`, कुठे मुख्य यादीच्या तळाशी सरळ `Software update`, कुठे `About phone` च्या आत. आपल्या फोनमध्ये बघून दुसऱ्याला वाट सांगणं म्हणजे आपल्या घराच्या नकाशावर पाहुण्याला त्याच्या घरात फिरवणं. यावर उपाय एकच आणि तो मी आधीच वापरायला हवा होता: सेटिंग्जच्या माथ्यावर भिंगाचं चित्र असतं, त्यावर टिचकी मारून `update` लिहायचं. जागा कुठेही असो, फोन स्वतःच दाखवतो. आईला सहा अक्षरं टाइप करायला मिनिटभर लागलं. मेनूतून भटकण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त होतं.

"दिसतंय का?" असं विचारायचं नाही

`Software update` वर टिचकी मारल्यावर तिच्यासमोर `Download and install` आलं. मी विचारलं, "डाउनलोड अँड इन्स्टॉल दिसतंय का?" ती म्हणाली, "हो." मग विचारलं, "त्याखाली काय आहे?" तर म्हणाली, "काही नाही."

खाली पुष्कळ होतं. पण "दिसतंय का?" या प्रश्नाला माणूस हो म्हणतो, कारण मुलगी विचारते म्हणजे तिथे असणारच, आणि आपल्याला दिसत नसेल तर आपलंच चुकलं असणार. आईचा "हो" तीन प्रकारचा असतो: दिसलं, दिसलं असावं, आणि आता पुढे चल. ते आवाजावरून ओळखता येत नाहीत. म्हणून मी प्रश्न बदलला: "वरपासून एकेक ओळ मला वाचून दाखव. नाही कळलं तर अक्षरं सांग."

ती वाचू लागली आणि मला तिचा पडदा दिसायला लागला. फोनने तपासणी केली होती. अपडेट आलेलं होतं. आकार, तिच्या शब्दांत, "अकराशे त्रेचाळीस पॉइंट सहा शून्य, एम बी". खाली सुरक्षा पॅचची तारीख: १ सप्टेंबर. म्हणजे सूचना खरी होती, कारण ती सेटिंग्जमध्ये होती.

तिला तसंच वाचायला लावून `About phone` मध्ये आत्ता फोनवर काय आहे तेही पाहून घेतलं. तिथे `Android security patch level` नावाची ओळ असते. तिच्याकडे १ मार्च होता. मी ते कागदावर लिहिलं. काम झालं की नाही हे शेवटी याच ओळीवरून कळणार होतं.

आता डाउनलोड. अकराशे त्रेचाळीस एमबी, आणि आईच्या खोलीत वायफायचा वेग साधारण १० एमबीपीएस. एका बाइटचे आठ बिट, म्हणजे सुमारे ९१४४ मेगाबिट, भागिले १०, म्हणजे ९१४ सेकंद. पंधरा मिनिटं, आणि प्रत्यक्षात थोडी जास्तच. एवढा वेळ दोघींनी फोन धरून गप्प बसण्यात अर्थ नव्हता. तिने टिचकी मारली, टक्के चालू झाले आणि मी सांगितलं: फोन चार्जिंगला लाव, वायफाय असलेल्या खोलीतच ठेव, आणि `Install now` असं काही आलं तर हात लावू नकोस, मला फोन कर. डाउनलोड चालू असताना फोन नेहमीसारखा वापरता येतो. ती पायरी निरुपद्रवी आहे. वायफाय मध्येच गेलं तर ते थांबतं आणि परत आल्यावर पुढे चालू होतं.

मी काय विचारलं आणि काय विचारायचं राहिलं

पावणेचारला तिचा फोन आला. `Install now` आलं होतं.

इथे दोन प्रकारचे फोन असतात आणि ते आधी माहीत असलेलं बरं. अँड्रॉइड ७ पासून, म्हणजे २०१६ पासून, अशी एक पद्धत आली की फोनमध्ये सिस्टीमसाठी दोन कप्पे असतात. तुम्ही एका कप्प्यावर चालत असता, तेव्हा नवी सिस्टीम मागच्या मागे दुसऱ्यात भरली जाते, आणि शेवटी फक्त रीस्टार्ट लागतो. नवा कप्पा उठला नाही, तर फोन जुन्यावर परत येतो. दुसऱ्या प्रकारच्या फोनमध्ये एकच कप्पा असतो. तो फोन आधी बंद होतो, साध्या पडद्यावर टक्के दाखवत अपडेट बसवतो आणि मगच उठतो. तेवढा वेळ तो कुणाच्याच कामाचा नसतो. बऱ्याच कंपन्यांनी पहिली पद्धत उशिरा घेतली. आईचा फोन दुसऱ्या प्रकारचा होता. मागच्या खेपेला मी तिथे असताना टक्के मोजणारा तो पडदा पाहिला होता, म्हणून मला माहीत होतं.

म्हणून तिला आधीच सांगून ठेवलं: कॉल तुटेल, पडदा काळा होईल, मग टक्के दिसतील. ते एखाद्या आकड्यावर चार-पाच मिनिटं अडकल्यासारखे वाटतील. कोणतंही बटण दाबायचं नाही. साधारण वीस मिनिटांनी फोन उठेल. चार्ज ७८ टक्के होता आणि वायर लावलेलीच होती. अपुऱ्या चार्जवर फोन स्वतःच नकार देतो, पण मी पन्नासच्या खाली सुरूच करत नाही.

मग मला हवा तो प्रश्न विचारला. रीस्टार्टनंतर पहिल्यांदा बोटाचा ठसा चालत नाही, पिन टाकावाच लागतो. फोनमधली माहिती कुलूपबंद असते आणि ते कुलूप पहिल्या खेपेला पिननेच उघडतं. "आई, पडद्याचा पिन आठवतो ना?"

"न आठवायला काय झालं? दर दोन-तीन दिवसांनी मागतोच की तो."

तिचं खरं होतं. पिन न टाकता ७२ तास झाले की अँड्रॉइड ठसा नाकारून पिन मागतं. त्यामुळे तो सहसा विसरला जात नाही. मी निश्चिंत झाले. तिने टिचकी मारली आणि कॉल तुटला. तीन वाजून बावन्न मिनिटं.

सव्वाचारला मी फोन लावला. संपर्क होत नव्हता. साडेचारलाही तेच. या वेळी डोक्यात येतात ते विचार ठरलेले: अजून टक्के चालले असतील, चार्जर निघाला असेल, फोन अडकला असेल. तिन्ही शक्यता मी अपडेटमध्येच शोधत होते. फोन उठून बसलाय आणि तरीही लागत नाही, असं होऊ शकतं हे मनातच आलं नाही.

चार पस्तीसला बाबांना फोन लावला. ते झोपले होते, चौथ्या प्रयत्नाला उचलला. "बाबा, आईचा फोन चालू झालाय का बघता का?"

ते तिच्याकडे गेले. मला मागून आईचा आवाज ऐकू आला, रडवेला नव्हे, चिडलेला. "पिन बरोबर टाकते तरी चूक म्हणतो. दोनदा टाकला."

"आई, थांब. काही टाकू नकोस. पडद्यावर काय लिहिलंय ते वाच."

तिने अक्षरं सांगितली. एस आय एम. पी आय एन. आणि त्याखाली इन्करेक्ट, एक प्रयत्न उरला अशा अर्थाचं वाक्य.

मला घाम फुटला, कारण ते माझंच काम होतं. दीड वर्षापूर्वी तिच्या ओळखीतल्या कुणाचा तरी फोन चोरीला गेला. चोराने सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं तर ओटीपी त्याच्याकडे जातील, या विचाराने मी आईच्या सिमला पिन लावला होता. तो रोज लागत नाही. फोन बंद होऊन चालू झाला की फक्त तेव्हा, तोही पडद्याच्या पिनच्या आधी. आईचा फोन कधी पूर्ण बंद पडतच नाही, ती रोज रात्री चार्जिंगला लावते. मागची दोन अपडेटं मी घरी असताना केली आणि दोन्ही वेळा सिमचा पिन मीच, काही न बोलता, टाकला. माझ्या बोटांना तो माहीत होता. आईला तो असतो हेच माहीत नव्हतं.

सिमचा पिन मिळेपर्यंत सिम नेटवर्कला जोडलं जात नाही. म्हणून माझा फोन लागत नव्हता, आणि म्हणून तीही मला लावू शकत नव्हती. त्या पडद्यावरून फक्त आपत्कालीन क्रमांक लागतो. मदतीची गरज आणि मदतीचा रस्ता एकाच ठिकाणी कुलूपबंद झाले होते.

आणि ही कुलपं स्वभावाने वेगळी आहेत. पडद्याचा पिन चुकला की फोन थोडा वेळ थांबवतो आणि पुन्हा संधी देतो. सिमचा पिन तीनदा चुकला की सिम अडतं, मग पीयूके नावाचा आठ अंकी क्रमांक लागतो. तो सिमच्या मूळ कार्डावर छापलेला असतो किंवा नेटवर्क कंपनीकडून घ्यावा लागतो. पीयूके दहा वेळा चुकला तर ते सिम कायमचं निकामी. आई पडद्याचा पिन टाकत होती. तो तिच्यासाठी एकमेव पिन होता, आणि समोर पिनची चौकट होती. चूक कुठेच नव्हती.

माझ्या नोंदींमध्ये तो चार अंकी क्रमांक सापडायला सहा मिनिटं लागली. बाबांच्या फोनवरून एकेक अंक सांगितला. आईने टाकला की तिला मोठ्याने वाचायला लावलं. चौथा अंक झाल्यावर बरोबरच्या खुणेवर टिचकी. एक क्षण शांतता. मग ती म्हणाली, "आता माझी फुलांची भिंत दिसते." ते तिच्या पडद्यामागचं चित्र आहे.

इथे एक छोटा फार्स झाला. मी बाबांचा कॉल तोडला आणि आईला लावला. घंटी वाजत राहिली, तिने उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला बाबांनीच मला फोन केला: "अगं, तिच्या फोनवर कुठला तरी नुसता नंबर सारखा येतोय, ती घेत नाही." नंबर माझाच होता. पहिल्यांदा पडदा उघडेपर्यंत संपर्कयादीही त्याच कुलपाआड असते. त्यामुळे कॉल येतो, पण नाव येत नाही. आणि अनोळखी नंबर उचलायचा नाही हे मीच तिला शिकवलंय. तिने पडद्याचा पिन टाकला, माझं नाव परतलं, आणि मग तिने फोन घेतला, जरा विजयी आवाजात.

झालं की नाही, हे कसं पाहिलं

"झालं का मग?" तिने विचारलं. फोन चालू झाला म्हणजे अपडेट झालं असं नसतं. अपडेट फसून फोन जुन्या सिस्टीमवर परत आला, तरी तो असाच चालू होतो, फुलांच्या भिंतीसकट. म्हणून पुन्हा `About phone`, पुन्हा तीच ओळ. आता तिथे १ सप्टेंबर होतं. मार्चचा कागद मी खोडला.

"पण आज तर १८ तारीख आहे," आई म्हणाली.

ती तारीख अपडेट बसवल्याची नसते. त्या दिवसापर्यंतच्या माहीत असलेल्या सुरक्षेच्या भोकांना ठिगळं लावलेली आहेत, एवढाच तिचा अर्थ. अँड्रॉइडची ही ठिगळं महिन्याच्या हिशेबाने निघतात, म्हणून ती तारीख बहुधा महिन्याची पहिली किंवा पाचवी असते. प्रत्येक फोनवर ती तेव्हाच पोहोचतात असं मात्र नाही. कंपनीने स्वतःच्या फोनसाठी तयार करून पाठवल्यावरच ती येतात.

संध्याकाळी तिचा पुन्हा फोन आला: फोन गरम झालाय आणि हळू चालतोय. हे अपेक्षित होतं आणि मी आधी सांगायला हवं होतं. नव्या सिस्टीमसाठी फोन सगळी ॲप्स पुन्हा एकदा बांधून घेतो, मागच्या मागे, आणि त्याला वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो निवळला. दोन दिवसांनीही गरमच राहिला असता, तर मी काळजी केली असती.

सिमचा पिन काढून टाकावा का, यावर मी आणि बाबा अडून बसलो होतो. त्यांचं म्हणणं, ज्या कुलपाची किल्ली घरात कुणालाच ठाऊक नाही ते कुलूप कशाला. मला चोराची भीती खरी वाटत होती. शेवटी कुलूप ठेवलं, पण किल्ली घरात आली. आईने स्वतःच्या वहीत, स्वतःच्या अक्षरात लिहिलं: "फोन बंद करून चालू केला की आधी सिम विचारतो, चार आकडे. मग पडदा विचारतो, सहा आकडे." हे आकड्यांच्या संख्येवरून ओळखायचं तिनेच काढलं. मला ते सुचलं नव्हतं. मी चौकटीतलं `SIM` हे नाव वाचायला सांगत होते, आणि ते चष्म्याशिवाय वाचता येत नाही.

आणि `Install now` वर टिचकी मारायच्या आधी आता बाबांचा फोन उशाशी असतो, आवाज मोठा केलेला. अपडेटच्या कॉलला दुसरा फोन लागतोच. तो घरात होता, पण दुसऱ्या खोलीत झोपलेला होता.

पुढच्या आठवड्यात बाबा म्हणाले, "माझाही बघ की." त्यांचा फोन आईच्या फोनपेक्षा जुना. या वेळी बोलायला आईचा फोन होता, त्यामुळे काम निम्म्या वेळात झालं. भिंगाचं चित्र, `update`, टिचकी. बाबांनी मोठ्याने वाचलं, सॉफ्टवेअर अद्ययावत आहे. "चला, माझा चांगला आहे," ते म्हणाले.

मी म्हटलं, तारीख वाचा. त्यांनी वाचली. ती तीन वर्षांपूर्वीची होती.

दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. कंपनीने त्या मॉडेलसाठी अपडेट काढणं थांबवलं होतं. शेवटचं निघालेलं अपडेट बाबांकडे बसलेलं होतं, म्हणून फोनच्या मते सगळं अद्ययावत होतं. पण त्यानंतर सापडलेल्या कुठल्याही भोकाला ठिगळ लागलेलं नव्हतं आणि लागणारही नव्हतं. यावर सेटिंग्जमध्ये करण्यासारखं काही नसतं. आम्ही त्या फोनवरून बँकेचं ॲप काढलं आणि ते काम आईच्या फोनवर हलवलं. बाबांना ते आवडलं नाही, कारण आता शिल्लक बघायला त्यांना आईला विचारावं लागतं, आणि ती आधी चष्मा शोधते.